वजनाचा टन, मापाचा टन: रेव्हेन्यू टन आला कुठून

न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये थोडासाच माल पाठवणाऱ्याच्या कोटेशनवर दर असतो तो रेव्हेन्यू टनाचा. माल किती मेट्रिक टन भरतो आणि किती घनमीटर जागा अडवतो, या दोन आकड्यांतला जो मोठा, त्यावर भाडं. नवख्या निर्यातदाराला ही जहाजवाल्याची चलाखी वाटते. प्रत्यक्षात ही रीत कंटेनरच्या कितीतरी आधीची आहे.

मध्ययुगात बोर्दोहून इंग्लंडला दारू जायची ती प्रचंड लाकडी पिंपांतून. इंग्लिश मोजणीत टन नावाच्या मोठ्या पिंपात 252 वाइन गॅलन मावत, म्हणजे साधारण साडेनऊशे लिटर. पिंपासकट त्याचं वजन हजार किलोच्या आसपास. जहाजात अशी किती पिंपं मावतात, यावरून जहाज केवढं ते सांगत. सगळा माल एकाच प्रकारचा, तोवर वजन आणि जागा ही एकाच पिंपाची दोन मापं होती आणि भांडणाला कारण नव्हतं.

पुढे जहाजाच्या त्याच खोलात, म्हणजे पोटातल्या माल भरायच्या जागेत, लोखंड, सोरा, मसाले, कापूस असं काहीही येऊ लागलं. जहाजाला मर्यादा दोन: किती वजनाने ते सुरक्षित खोलीपर्यंत बुडतं, आणि त्याचा खोल किती भरतो. लोखंडाने जहाज बुडीच्या रेषेला टेकतं तेव्हा खोल बराचसा रिकामाच असतो. कापसाचं उलट. म्हणून इंग्लिश व्यवहारात दोन टन रूढ झाले: 2,240 पौंडांचा वजनी टन आणि 40 घनफुटांचा मापी टन. कुठला लावायचा, हे बहुतेक करारांत जहाजवाल्याच्या मर्जीवर. बंदरागणिक, मालागणिक निराळी कोष्टकंही असत.

याचा सर्वात बोलका दाखला मुंबईच्या कापसाचा. वऱ्हाड-खानदेशातून आलेला सैल कापूस तसाच जहाजात भरला, तर भाडं हवेचंच जास्त पडायचं. म्हणून कुलाब्याच्या प्रेसमध्ये तो दाबून गाठी बांधत. रेल्वे आल्यावर प्रेस थेट पिकाच्या गावी पोचले. मुंबईच्या निर्यातीची रूढ गाठ 392 पौंडांची, तेव्हा एका वजनी टनाला जेमतेम पावणेसहा गाठी लागत. गाठ दहा घनफुटांची धरली, तरी त्या पावणेसहा गाठी 57 घनफूट अडवणार, म्हणजे जवळपास दीड मापी टन. कापूस कितीही दाबा, तो मापी मालच राहिला. पण गाठीतून निघालेला प्रत्येक घनफूट थेट भाड्यात दिसत होता. दाबण्याची एवढी हौस होती ती यासाठी.

मग गाठ मोजायची कोणी? व्यापाऱ्याने मोजली तर जहाजवाला मानेना, त्याने मोजली तर व्यापारी. 1836 साली स्थापन झालेल्या बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सने पुढे हे काम अंगावर घेतलं. चेंबरचे मापारी गोदीत उभे राहून माल मोजत आणि प्रमाणपत्र देत. दर ठरवणं एकवेळ सोपं, माप ठरवणं अवघड, हे त्या काळच्या मुंबईने चांगलंच ओळखलं होतं.

मेट्रिक पद्धतीत 40 घनफुटांच्या जागी एक घनमीटर आला. ही अदलाबदल वरवर किरकोळ वाटते, पण नाही. 40 घनफूट म्हणजे 1.133 घनमीटर, त्यामुळे जुनाच दर नव्या एककाला लावला, तर मापी माल पाठवणाऱ्याला सुमारे 13 टक्के जास्त मोजावे लागतील. सीमारेषाही हलली. आधी घनमीटरला साधारण 900 किलोपेक्षा जड माल वजनी ठरे, आता हजारांच्या वर. एक घनमीटर पाणीही जवळपास हजार किलोचं, तेव्हा ढोबळ कसोटी अशी: खोका पाण्यावर तरंगणार असेल, तर भाडं मापाचं.

1956 नंतर कंटेनर पसरला आणि पूर्ण कंटेनर घेणाऱ्याला डब्याचा ठोक दर मिळू लागला. इतरांच्या मालासोबत जाणाऱ्या, म्हणजे एलसीएल मालाला मात्र जुनी रीत चिकटून राहिली.

समजा, कोल्हापूरहून बिडाच्या कास्टिंगचं एक पॅलेट निघालं: 1.2 × 0.8 × 0.6 मीटर, वजन 1,150 किलो. घनफळ 0.576, वजन 1.15, भाडं 1.15 रेव्हेन्यू टनाचं. त्याच गावच्या चपलांचे 25 खोके, प्रत्येकी 60 × 40 × 40 सेंटिमीटर, एकूण 300 किलो: घनफळ 2.4, वजन 0.3, भाडं 2.4 चं. दोन बिलं ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजाच्या ताब्यात दिल्याच्या दोन पावत्या, केली तर बेरीज 3.55. दोन्ही माल एकाच बिलावर, एकाच खरेदीदाराला गेले आणि माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरने एकत्र हिशेब मानला, तर एकूण घनफळ 2.976 आणि वजन 1.45, म्हणजे भाडं 2.976 चं. जड मालाने हलक्याची जागा फुकट भरून दिली असा हा प्रकार. जुने कप्तान खालच्या थरात सोरा आणि वर हलका माल भरत, त्यामागचं गणितही याच जातीचं.

वाद आजही मापावरच होतात. गोदामात मोजताना बाहेरची टोकं धरतात: पॅलेटचं लाकूड, फुगलेली बाजू, बाहेर आलेला पट्टा, सगळं मापात. वरील पॅलेटवर माल दहा सेंटिमीटर बाहेर डोकावला तरी कास्टिंगला फरक पडत नाही, कारण तिथे वजन चालतं. चपलांचा प्रत्येक खोका उंचीला दोन सेंटिमीटर फुगला, तर 2.4 चे 2.52 होतात. बिलात आकडा वाढलेला दिसला, की आधी आपल्या पॅकिंग लिस्टची मापं गोदामाच्या मापांशी ताडून पाहावीत, आणि भांडायचं असेल तर डबा भरण्याआधी. सील लागल्यावर पुन्हा मोजायला कोणी तो उघडत नाही.