‘सर्टिफिकेट नॉट येट व्हॅलिड’ म्हणजे साईट हॅक नव्हे

"साईट उघडताना ‘सर्टिफिकेट अजून व्हॅलिड नाही’ येतंय, म्हणजे साईट हॅक झालीय ना?"

बहुतेक वेळा नाही, आधी आपलं घड्याळ बघा. साईटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते तुमच्याच मशीनच्या तारखेशी ताडून बघतो. खानापूरकडच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातला जुना पीसी घ्या, मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपलेला, पावसात लाईट गेली की तारीख थेट 2015 वर, मग गेल्या महिन्यात निघालेलं सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटणारच. क्रोम `NET::ERR_CERT_DATE_INVALID` दाखवतो, पण मुदत संपलेल्या सर्टिफिकेटलाही हाच कोड येतो, म्हणून नुसत्या कोडवर जाऊ नका.

ओळखायचं कसं? तीच साईट मोबाईलवर नीट उघडते आणि पीसीवर बऱ्याच साईटी अडतात, तर दोष पीसीचा. सेल बदला, तारीख-वेळ ऑटोमॅटिक करा. नुसती तारीख बदलून भागत नाही, लाईट गेली की परत तेच.

सगळ्यांनाच एरर येत असेल तर मात्र सर्व्हर बघा. घड्याळ पुढे असताना सर्व्हरवरच सर्टिफिकेट बनवलं तर त्याची सुरुवातच उद्याची पडते. तिथं `date -u` कमांडनं यूटीसी वेळ बघून घड्याळ सुधारा आणि सर्टिफिकेट नव्यानं काढा, जुन्यावरची तारीख काही आपोआप बदलत नाही.