सर्व्हरचा फिंगरप्रिंट का ताडायचा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फाइलझिला, विनएससीपी किंवा टर्मिनलमधून आमच्याकडच्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना पडद्यावर एक प्रश्न येतो : सर्व्हरचा हा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळखखूण, बरोबर आहे का? नवा लॅपटॉप घेतला की हा प्रश्न पुन्हा येतो. बहुतेक जण न वाचता होकार देऊन पुढे जातात, आणि आम्ही हटकलं की विचारतात, "कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे ना, मग हे कशाला?" एन्क्रिप्टेड आहेच. पण ते कोणाबरोबर आहे, हे त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. कसं, ते एकदा आकडे मांडून दाखवतो.

जोडणी सुरू होते तेव्हा तुमचं मशीन आणि सर्व्हर यांच्यात आधी ठरलेलं गुपित काहीच नसतं. जे काही जातं ते वाटेतल्या प्रत्येकाला दिसू शकतं. तरीही दोघांच्या हातात एकच गुप्त किल्ली यायला हवी. त्याची रीत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली.

दोन आकडे उघडपणे ठरलेले असतात. आपण २९ आणि २ घेऊ. तुमचं मशीन मनाशी एक आकडा धरतं, समजा ५. दोनचा पाचवा घात ३२, त्याला २९ ने भागून बाकी उरते ३. हा ३ सर्व्हरकडे जातो, ५ मात्र मशीनबाहेर पडत नाही. सर्व्हर मनाशी १२ धरतो. दोनचा बारावा घात ४०९६, बाकी ७. तो ७ तुमच्याकडे येतो.

आता तुमचं मशीन आलेल्या ७ चा पाचवा घात काढतं : १६८०७, बाकी १६. सर्व्हर आलेल्या ३ चा बारावा घात काढतो : ५३१४४१, बाकी पुन्हा १६. दोन्हीकडे दोनचा साठावा घातच निघाला, फक्त वाट वेगळी. १६ ही किल्ली, आणि ती तारेवरून गेलेलीच नाही.

नुसतं ऐकत बसलेल्याला २९, २, ३ आणि ७ एवढंच मिळतं. त्याने ३ आणि ७ चा गुणाकार केला तर घातांकांची बेरीज होते, म्हणजे दोनचा सतरावा घात, बाकी २१. उपयोग नाही, कारण हवा आहे तो घातांकांचा गुणाकार. त्यासाठी ५ किंवा १२ यांपैकी एक शोधावाच लागतो. इथे २८ आकडे तपासले की तो सापडेल. प्रत्यक्षात २९ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी मूळ संख्या असते, आणि तिथे असा शोध कोणाच्याच आवाक्यात नाही. आमचे सर्व्हर बहुधा याच रीतीचा वक्ररेषांवरचा प्रकार वापरतात. तत्त्व तेच.

पण वाटेतला माणूस नुसता ऐकत न बसता निरोप अडवून बदलू लागला तर? सार्वजनिक वायफाय किंवा कोणी हात घातलेला राउटर असेल तर त्याला ते जमतं. तो मनाशी १० धरतो. दोनचा दहावा घात १०२४, बाकी ९. तुमचा ३ तो स्वतःकडे ठेवतो आणि सर्व्हरला ९ पाठवतो. सर्व्हरचा ७ ठेवतो आणि तुम्हालाही ९ च देतो. तुमचं मशीन ९ चा पाचवा घात काढतं, बाकी ५. त्याच्याकडे ३ च्या दहाव्या घाताची बाकीही ५. पलीकडे सर्व्हर ९ चा बारावा घात काढतो, बाकी २४, आणि ७ च्या दहाव्या घाताची बाकी त्याच्याकडेही २४.

म्हणजे तुमची किल्ली ५, सर्व्हरची २४, आणि मधल्याकडे दोन्ही. तुमची फाइल तो ५ ने उघडतो, वाचतो, वाटल्यास बदलतो, २४ ने पुन्हा बंद करून पुढे धाडतो. फाइल पोचते, पोचपावती येते, कुठे काही अडत नाही. २९ च्या जागी कितीही मोठी संख्या घेतली तरी यात फरक पडत नाही, कारण त्याने काही फोडलेलंच नाही. त्याने दोन वेगवेगळे, अगदी पक्के व्यवहार केले.

ही जोडणी ज्या एसएसएच पद्धतीने होते, तिचा यावरचा उपाय म्हणजे होस्ट की. ही सर्व्हरची कायमची जोडकिल्ली, तिचा गुप्त अर्धा सर्व्हरवरच राहतो. आकड्यांची देवाणघेवाण झाली की सर्व्हर दोन्ही उघडे आकडे, निघालेली किल्ली आणि आपली होस्ट की एकत्र धरून त्यावर सही करतो. मधल्याला सर्व्हरकडून मिळालेली सही ९, ७ आणि २४ वरची असते. तुमचं मशीन पडताळतं ३, ९ आणि ५. ती सही इथे लागूच पडत नाही. मग त्याला एकच मार्ग उरतो : स्वतःची होस्ट की पुढे करून तिने सही करायची. ती सही गणिताने बरोबरच निघते. चुकीचा असतो तो फक्त त्या होस्ट कीवरून निघणारा फिंगरप्रिंट, आणि तेवढ्यासाठीच मशीन तुम्हाला विचारतं :

```
ED25519 key fingerprint is SHA256:...
Are you sure you want to continue connecting (yes/no/[fingerprint])?
```

इथे न पाहता `yes` लिहिलं तर वरचं सगळं गणित वाया गेलं. आम्ही दिलेल्या कागदावरचा `SHA256:` ने सुरू होणारा मजकूर पूर्ण ताडा, नुसती पहिली चार अक्षरं नव्हे. ओपनएसएसएच ८.० पासून पुढे `yes` ऐवजी तो मजकूरच तिथे टाकता येतो. जुळला तरच जोडणी पुढे जाते, डोळ्यांवर भिस्त राहत नाही.

पासवर्डने लॉगिन करत असाल तर अशा वेळी पासवर्ड सरळ मधल्याच्या हातात पडतो. तुमची स्वतःची एसएसएच की असेल तर तिची सही त्या-त्या जोडणीशी बांधलेली असल्यामुळे तो ती सर्व्हरवर वापरू शकत नाही. पण स्वतःच सर्व्हर असल्याची बतावणी करून तुमच्या फाइली घेऊ शकतोच.

`REMOTE HOST IDENTIFICATION HAS CHANGED` असा इशारा आला तर थांबा आणि फोन करा. इंटरनेटवर शोधून `ssh-keygen -R` चालवायचं आणि पुढे जायचं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. नंतर खरोखर कोणी मध्ये होतं का हे ठरवायला आम्हाला सर्व्हरचे लॉग चाळावे लागतात, सगळे पासवर्ड बदलावे लागतात, आणि तोवर तुमचं काम अडतं. फोनवर पाच मिनिटांत उलगडा होतो. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये `StrictHostKeyChecking no` आणि `UserKnownHostsFile /dev/null` घातलेलं असेल तर तेही काढा. तसं केलं की प्रत्येक जोडणी पहिलीच ठरते आणि काहीच तपासलं जात नाही.

फिंगरप्रिंट ईमेलने का पाठवत नाही, अशी तक्रार असते. पासवर्ड आणि फिंगरप्रिंट एकाच ईमेलने गेले, तर त्या खात्यात शिरलेल्याला दोन्ही मिळतात आणि फिंगरप्रिंट बदलून ठेवताही येतो. म्हणून फिंगरप्रिंट छापील कागदावर देतो, किंवा तुम्ही आमच्या बिलावरच्या नंबरला फोन केलात तर वाचून दाखवतो. सर्व्हर नव्याने उभारतानाही जुनी होस्ट की जपून परत बसवतो. की मुद्दाम बदलायची असेल तर आधी फोन येईल. न कळवता इशारा आला, तर तो आमच्या कामामुळे आलेला नाही असंच समजा.

ज्यांच्याकडे बरेच लोक आणि बरेच सर्व्हर आहेत त्यांनी हे ताडणं दरवेळी करायची गरज नाही. आम्ही सगळ्या होस्ट की एका मुख्य कीने प्रमाणित करून देतो. प्रत्येक मशीनच्या `known_hosts` मध्ये `@cert-authority` ची एक ओळ घातली की त्या सर्व्हरांबद्दलचा प्रश्न येणं बंद होतं, आणि त्यानंतर तो आलाच तर त्याकडे लक्ष द्यायचं हे सगळ्यांना कळतं. ही ओळ ओपनएसएसएचसाठी. पटीच्या ०.७८ पासूनच्या आवृत्त्यांनाही प्रमाणित होस्ट की चालतात, पण तिथे मुख्य की पटीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये घालावी लागते. वार्षिक देखभालीत ही सोय धरलेलीच आहे, आणि ती ओळ आम्ही प्रत्यक्ष येऊन घालून देतो.