नेटवर्कची सूत्रं सर्वांत जुन्या स्विचच्या हाती का जातात?

ऑफिस वाढतं तसे कॉम्प्युटरना एकमेकांशी जोडणारे स्विच वाढतात, आणि एखादी केबल तुटली तरी काम अडू नये म्हणून स्विचमध्ये जास्तीच्या केबल टाकल्या जातात. त्यातून लूप तयार होतो. इथरनेटवर माहिती ज्या तुकड्यांनी जाते त्या फ्रेमना आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे सगळ्यांसाठी पाठवलेली एकच ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये फिरत राहते, तिच्या प्रतींवर प्रती निघतात आणि बघता बघता नेटवर्क ठप्प होतं. यावर रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे स्पॅनिंग ट्री. सगळे स्विच मिळून एक रूट, म्हणजे सगळ्या वाटांचं मूळ असलेला स्विच ठरवतात, प्रत्येक जण रूटकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट चालू ठेवतो, आणि लूप करणारी पोर्ट अडवली जातात.

रूट ठरतो तो प्रायॉरिटीच्या आकड्यावर. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो रूट. पण कारखान्यातून आलेल्या बहुतेक स्विचमध्ये हा आकडा ३२७६८ असतो. कोणी तो बदललेला नसेल तर सगळ्यांची बरोबरी होते, आणि मग सर्वांत लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला, म्हणजे कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक सर्वांत लहान असलेला स्विच जिंकतो. एका कंपनीचे मॅक अ‍ॅड्रेस साधारणपणे चढत्या क्रमाने दिले जातात. म्हणजे नवा, दमदार स्विच हरतो आणि कपाटातून बाहेर काढलेला जुनाच रूट होऊन बसतो.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहू. अ आणि ब हे दोन मुख्य स्विच एकमेकांना गिगाबिट केबलने जोडलेले आहेत. सर्व्हर ब वर आहेत. मजल्यांवरचे स्विच अ आणि ब दोघांनाही जोडलेले आहेत. जागा कमी पडली म्हणून एका कोपऱ्यात ज हा जुना, १०० मेगाबिटचा स्विच बसवला आणि खबरदारी म्हणून त्याचीही एकेक केबल अ आणि ब ला दिली. ज रूट झाला.

आता हिशेब करू. इथली किंमत पैशांतली नव्हे; केबल जितकी वेगवान तितकी ती कमी. जुन्या मानकानुसार १०० मेगाबिट केबलची किंमत १९ आणि गिगाबिटची ४ धरतात. ब ला ज पर्यंत थेट जायला १९ लागतात, अ मार्गे २३. अ चंही तसंच. दोघंही थेट वाट धरतात, आणि अ–ब मधली गिगाबिट केबल अडवली जाते. अ चा मॅक अ‍ॅड्रेस ब पेक्षा लहान असेल तर मजल्यांवरचे स्विचही अ कडे वळतात. मग सर्व्हरकडे जाणारी प्रत्येक फाइल अ कडून ज कडे आणि तिथून ब कडे, म्हणजे सगळ्या ऑफिसची ये-जा त्या १०० मेगाबिटच्या फटीतून! सगळ्या केबल धडधाकट, दिवे हिरवे, तरी काम संथ. ही तक्रार शोधायला फार अवघड जाते, कारण बिघडलेलं असं काहीच सापडत नाही.

त्यात कोपऱ्यातल्या त्या ज चा प्लग कोणी काढला की रूटच जातो. मूळ स्पॅनिंग ट्रीमध्ये अडवलेलं पोर्ट खुलं होण्याआधी १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद पत्ते शिकतं. शिवाय जुनी माहिती शिळी ठरायलाच २० सेकंद जाऊ शकतात. म्हणजे ३० ते ५० सेकंद सर्व्हर गायब. ज परत सुरू झाला की तो पुन्हा रूटपद घेतो, वाटा पुन्हा बदलतात आणि पुन्हा खंड पडतो. नुसता कॉम्प्युटर जोडला तरी त्याच्या पोर्टला ३० सेकंद थांबावं लागतं. तेवढ्यात नेटवर्कवरचा पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीची वाट पाहून तो 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसू शकतो.

इथे बरेच जण रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करतात आणि थांबतात. ती २००१ मध्ये आली, आणि सगळे स्विच ती बोलत असतील तर खंड बहुधा सेकंदाच्या आसपास येतो. चालू करावीच. पण रूट निवडण्याचा नियम तिथेही तोच आहे. चुकीची वाट फक्त झटपट तयार होते, म्हणून मला आधी रूट नीट करणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोण रूट आहे ते सिस्कोच्या स्विचवर `show spanning-tree` दाखवतं. रूटवर `This bridge is the root` अशी ओळ दिसते. ती ज वर दिसली तर अ वर हे द्यावं:

```
spanning-tree vlan 1 priority 4096
```

ब ला 8192 द्यावं, म्हणजे अ पडला तर पुढचा रूट कोण हेही ठरलेलं राहतं. व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, अनेक असतील तर प्रत्येकासाठी हे करावं लागतं. वाटा बदलताना खंड पडतोच, म्हणून ऑफिस सुटल्यावर करावं. आता ब ला अ पर्यंत थेट ४ लागतात, गिगाबिट केबल खुली होते, आणि ज–ब ही केबल ज च्या टोकाला अडते. ज टोकाचा साधा स्विच उरतो. त्याचा प्लग निघाला तर फक्त त्याच्यावरचे कॉम्प्युटर बंद पडतात.

कॉम्प्युटरच्या पोर्टवर `spanning-tree portfast` दिलं की ३० सेकंदांची वाट संपते. पण त्याच पोर्टला उद्या कोणी स्विच लावला तर क्षणभर लूप होऊ शकतो, म्हणून जोडीला, स्विचचा स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला की पोर्टच बंद करणारं `spanning-tree bpduguard enable` हवंच. आणि अ व ब च्या ज्या पोर्टना मजल्यांचे स्विच किंवा ज जोडलेत, तिथे `spanning-tree guard root` द्यावं. पलीकडून कोणी आणखी लहान आकडा घेऊन रूट व्हायला आला, तर ते पोर्ट वाहतूक थांबवतं आणि तो दावा थांबला की आपोआप खुलं होतं. अ–ब मधल्या केबलवर मात्र ही आज्ञा देऊ नये; अ बंद पडून परत आला की ब त्यालाच अडवून धरेल.