धुतलं की बुळबुळ जाते, पनीर मात्र परत येत नाही

सोमवारी तालुक्याच्या बाजारातून अर्धा किलो पनीर आणलं. पाहुण्यांसाठी अर्धं वापरलं, उरलेलं पिशवीला गाठ मारून फ्रिजच्या दारात ठेवलं. पुढच्या सोमवारी पिशवी उघडली तर बोटांना बुळबुळीत लागतं आणि वासही जरा वेगळा येतो. चारशे रुपये किलोची वस्तू टाकायची कशी, म्हणून ती नळाखाली धरली जाते. दोनदा चोळली की बुळबुळ जाते, वास कमी होतो आणि पनीर पुन्हा पांढरंशुभ्र दिसतं. हे पनीर वाचलं का, हाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर वासापेक्षा हिशेबातून जास्त स्पष्ट मिळतं.

आधी बुळबुळ म्हणजे काय ते पाहू. पनीरमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त पाणी असतं, शिवाय प्रथिनं आणि स्निग्धांश. दही-ताकासारखी जोरदार आंबट चव नाही, मीठही नाही. जिवाणूंना याहून सोयीचं घर क्वचितच मिळेल. फ्रिजमध्ये बहुतेक जिवाणू सुस्त पडतात, पण थंडीतही वाढणारी एक जमात आहे. त्यांतले नेहमीचे म्हणजे स्यूडोमोनास. ते माती आणि पाण्यात सर्वत्र असतात, त्यांना हवा लागते, म्हणून ते पनीरच्या पृष्ठभागावरच वाढतात. दाटी झाली की ते स्वतःभोवती लांब साखळ्यांच्या साखरेचा चिकट थर तयार करतात. आपल्या बोटांना लागते ती ही वस्ती. काही वेळा तिला पिवळसर-हिरवट झाकही येते.

ही वस्ती डोळ्यांना किंवा बोटांना जाणवते तेव्हा एका चौरस सेंटिमीटरवर साधारण कोटीच्या घरात जिवाणू असतात. आता हिशेब करू. समजा, पनीर आणलं तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर हजार जिवाणू होते, आणि बुळबुळ जाणवायला तीन कोटी लागतात. हजाराचे तीन कोटी व्हायला ते पंधरा वेळा दुप्पट झाले पाहिजेत. ४ अंश सेल्सिअसवर दुप्पट व्हायला आठ तास लागतात असं धरलं, तर पंधरा वेळा म्हणजे १२० तास, म्हणजे पाच दिवस. फ्रिज ९-१० अंशांवर असेल आणि पाच तासांत दुप्पट होत असतील, तर तीन दिवसांतच तीच अवस्था येते. आकडे जिवाणूच्या जातीनुसार मागेपुढे होतील, हिशेबाची चाल बदलत नाही.

मग धुण्याने काय होतं? समजा, धुण्याने शंभरातले नव्वद जिवाणू गेले. ऐकायला मोठी गोष्ट वाटते. पण तीन कोटींचे तीस लाख उरले, आणि तीस लाखांचे पुन्हा तीन कोटी व्हायला फक्त तीन-साडेतीन वेळा दुप्पट व्हावं लागतं. ४ अंशांवरच्या फ्रिजमध्ये हे साधारण एका दिवसाचं काम आहे, कोमट फ्रिजमध्ये सोळा-सतरा तासांचं. म्हणजे धुण्याने एक दिवस पदरात पडतो, आणि तोही बुळबुळ परत दिसेपर्यंतचा दिवस, पनीर चांगलं राहण्याचा नव्हे.

त्यातही नव्वद टक्के हा उदार अंदाज आहे. पनीरला साल नसते. तो दाबून बसवलेल्या दाण्यांचा गोळा असतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा असतात, आणि सुरीने कापलेल्या कडांवर तर जास्तच. चोळताना चिकट थराचा काही भाग त्या भेगांत जातो. वरचा थर कापून टाकण्याची युक्तीही इथे फारशी चालत नाही. कडक, कोरड्या चीजवर बुरशी दिसली तर आजूबाजूचा भाग खोल कापून बाकीचं वापरता येतं. पनीर मऊ आणि ओलं असल्याने तो नियम त्याला लावता येत नाही.

दुसरी अडचण जिवाणू गेल्यावरही राहते. वाढत असताना ते प्रथिनं आणि चरबी तोडणारे विकर बाहेर सोडतात. प्रथिनं तुटली की कडू तुकडे तयार होतात, चरबी तुटली की खवट, कधी साबणासारखी चव येते. म्हणून धुतलेल्या पनीरची भाजी दिसायला उत्तम आणि जिभेला कडसर लागते. यांतले काही विकर उष्णतेलाही दाद देत नाहीत, दूध उकळल्यावरही ते काही अंशी शिल्लक राहतात. मसाला जास्त घालून ही चव झाकता येते, पण झाकणं म्हणजे सुधारणं नव्हे.

मग भिजवण्याचं काय? मिठाचं पाणी, लिंबू, व्हिनेगर, हळद, गरम पाणी, खाण्याचा सोडा असे सगळे उपाय सुचवले जातात. मीठ आणि आंबट पदार्थ वाढ मंद करतात, पण तयार झालेला थर काढत नाहीत आणि सुटलेले विकरही परत घेत नाहीत. गरम पाण्यात पनीर मऊ होतं म्हणून ते ताजं वाटतं, हा भ्रम सगळ्यात फसवा. सोड्याने तर जी थोडी आंबटता असते तीही कमी होते, म्हणजे जिवाणूंचंच भलं. हळदीने रंग येतो, एवढंच.

उकळून किंवा तळून घेतलं तर? उकळत्या रश्श्यात पनीर आतपर्यंत गरम झालं की जिवंत जिवाणू मरतात. पण बुळबुळ हे घड्याळ आहे, ती सांगते की हे पनीर बराच वेळ किंवा बरीच उष्णता सोसून आलं आहे. त्या काळात स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जिवाणू हातांमधून आलेला असला आणि फ्रिज मधेच गरम झाला असला, तर त्याने तयार केलेलं विष उकळूनही नष्ट होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्यानंतर, आणि त्यातही पाण्याच्या बाटल्यांसाठी दर दहा मिनिटांनी दार उघडलं तर, आतलं पनीर फ्रिजमध्ये ठेवलं असं म्हणायला काही अर्थ उरत नाही. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी घरात असेल तर बुळबुळीत पनीरवर प्रयोग करूच नये. थंडीतही वाढणारा लिस्टेरिया हा जिवाणू गर्भाला धोका करतो, आणि तो बुळबुळ किंवा वास न देताही असू शकतो.

तेव्हा निकाल सरळ आहे, बुळबुळीत पनीर टाकून द्यावं. पण सगळा ओलसरपणा म्हणजे बुळबुळ नाही, आणि चांगलं पनीर उगाच फेकलं जाऊ नये. पनीरमधून थोडं पाणी सुटतंच, ते पिशवीच्या तळाशी पातळ, दुधट दिसतं. पनीर कोरड्या फडक्याने टिपून बोटाने चोळा. ओलेपणा निघून बोट कोरडं सरकलं आणि वास दुधाचाच असला तर ते नुसतं पाणी आहे. टिपल्यावरही बोट घसरत असेल, अंगठा आणि बोट दूर करताना बारीक तार ओढली जात असेल किंवा पाणी गढूळ आणि घट्ट असेल, तर ती वस्ती आहे. गुलाबी, पिवळे किंवा हिरवे डाग दिसले तर चाचणी तिथेच थांबवा. चव घेऊन पाहणं ही चाचणी नाही. दोन-तीन दिवसांचं, फक्त ओलसर पनीर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवून त्याच दिवशी शिजवायला हरकत नाही.

'उकळून गार केलेलं पाणी' हे मुद्दाम म्हटलं आहे. स्यूडोमोनास पाण्यातला जिवाणू आहे. घरी पनीर करताना दूध फाडून गोळा फडक्यात बांधतात आणि घट्ट व्हावा म्हणून विहिरीच्या किंवा बोअरच्या थंड पाण्यात ठेवतात. दूध उकळल्याने मेलेल्या जिवाणूंची जागा या पाण्यातून नवे जिवाणू घेतात. फडकंही आधीच्या दुधाचा वास धरून असेल तर ते दुसरं बीज. म्हणून गोळा थंड करायचं पाणी आदल्या रात्री गंजात उकळून, झाकून, शक्य तर फ्रिजमध्ये गार करून ठेवावं, आणि फडकं पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्यावं. एवढ्याने सुरुवातीची संख्या हजाराऐवजी शंभर झाली, तर वरच्या हिशेबात बुळबुळ येण्याआधी एक दिवस वाढतो. धुण्याने शेवटी मिळतो तोच दिवस, फक्त या वेळी चांगल्या पनीरचा.

खरं वाचवणं म्हणजे पहिल्या दिवशीची व्यवस्था. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन सपाट मोठे चमचे, घालून उकळा आणि पूर्ण गार करा. ताजं पनीर त्यात पूर्ण बुडेल असं काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजच्या दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवा. ५ टक्के मिठाच्या पाण्यातलं पनीर ६ ते ८ अंशांवर सुमारे तीन आठवडे टिकल्याचे दुग्धविज्ञानातले प्रयोग आहेत. घरच्या फ्रिजला आणि जाणाऱ्या लाईटला मात्र आठवड्याची सवलत पुरे. वापरण्याआधी उकळून गार केलेल्या साध्या पाण्यात वीस मिनिटं ठेवलं की मीठ कमी होतं. मीठ नको असेल तर आणल्याच दिवशी तुकडे करून बर्फाच्या कप्प्यात गोठवा. बर्फ सुटल्यावर ते किंचित भुसभुशीत होतं. दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं तर बरंच मऊ होतं, आणि भिजवण्याचा खरा उपयोग इथे आहे.

टोफूचंही थोडं. सोयाबीनच्या पट्ट्यात, यवतमाळ-वाशीम-अमरावतीकडे, घरी सोयादूध काढून टोफू करणाऱ्या बाया आता दिसतात. टोफू मूळचाच गुळगुळीत असतो, म्हणून वरची बोटाची चाचणी इथे फसवते. त्याऐवजी पाणी बघा. उघडलेला टोफू उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि पाणी रोज बदलावं, म्हणजे तीन-चार दिवस जातो. पाणी एका रात्रीत दुधट-गढूळ झालं, त्यातून चमचा काढताना तार आली किंवा आंबट वास आला, तर पाणी बदलून उपयोग नाही. सोयाबीन उकळल्यावरही काही जिवाणूंची बीजं जिवंत राहतात, ती नंतर जागी होतात, त्यामुळे गरम टोफू चटकन गार करून फ्रिजमध्ये ठेवणं महत्त्वाचं आहे. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या टोफूला सकाळी कितीही वेळा पाणी बदललं तरी रात्र परत जात नाही.