फोटोडायोड अँम्प्लिफायरमधला ऑफसेट व्होल्टेज आणि बायस करंट

फोटोडायोडचा बारीक करंट वाचायला ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये मोठा रेझिस्टर घालतात, तेव्हा ऑप-अँपचे स्वतःचे दोन दोष उजेडाच्या आकड्यात मिसळतात. एक म्हणजे बायस करंट, इनपुट पिनमधून वाहणारा थोडासा करंट. दुसरा ऑफसेट व्होल्टेज, दोन इनपुटमधला काही मिलिव्होल्टचा फरक. यातला पहिला जास्त लबाड, कारण तो कधीकधी दिसतच नाही.

देवगडला कोजागिरीचं चांदणं मोजायला आम्ही बीपीडब्ल्यू३४ डायोड, १० मेगाओम आणि दुकानात सहज मिळणारा एलएम३५८ ऑप-अँप जोडला, एकाच ९ व्होल्ट बॅटरीवर. झाकण लावलं की मीटर शून्य, आम्ही खूश. झाकण काढून चंद्राकडे धरला तरी शून्यच! एलएम३५८ चा बायस करंट साधारण ४५ नॅनोअँपिअर आणि तो पिनमधून बाहेर येतो, म्हणून हिशोब असा, Ip म्हणजे डायोडचा करंट, Ib बायस करंट, Rf फीडबॅकचा रेझिस्टर:

```
Vout = (Ip - Ib) × Rf
```

पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स, त्यात हा डायोड ढोबळमानाने १५-२० नॅनोअँपिअर देतो. त्यातून ४५ वजा झाले की उत्तर उणे, आणि उणे सप्लायच नाही तर आउटपुट शून्यावरच चिकटून बसतो. दोन बॅटऱ्या लावून प्लस-मायनस सप्लाय दिला की मग अंधारात मीटर उणे ४५० मिलिव्होल्टच्या आसपास जातो आणि चोर सापडतो.

पुस्तकी उपाय म्हणजे प्लस पिनला पण तेवढाच रेझिस्टर लावायचा, पण इथे तो नको, कारण मग तेच ४५० मिलिव्होल्ट डायोडवर उलटे बसतात आणि अंधारातही वाहणारा डार्क करंट सुरू होतो. सरळ टीएल०७२ लावावा, बायस करंट ६५ पिकोअँपिअरच्या घरात, म्हणजे आउटपुटला एक मिलिव्होल्टही नाही (तापला की दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो तेवढं लक्षात ठेवा). आता उरतो ऑफसेट, टिपिकल ३ मिलिव्होल्ट, चांदण्याच्या दीडशे-दोनशे मिलिव्होल्टपुढे किरकोळ. पण डायोडचा अंतर्गत रेझिस्टन्स Rsh उन्हात तापून घसरला की ऑफसेट `1 + Rf/Rsh` पटीने फुगतो, ५ मेगाओमला ३ चे ९.

दोष कुठला ते ओळखायला डायोड काढायचा आणि १० ऐवजी १ मेगाओम लावून बघायचं: बायसचा भाग दहापट कमी होतो, ऑफसेट हलत नाही.

आपल्याकडे मात्र तिसरा भिडू आहे, खारा वारा. बोर्डवर मिठाचा ओलसर थर बसून मायनस ९ व्होल्टपासून इनपुटपर्यंत एक गिगाओमची वाट जरी झाली तरी ९ नॅनोअँपिअर, म्हणजे झाकण लावून पौर्णिमेच्या निम्मं चांदणं! बोर्डवर नुसता श्वास सोडला आणि आकडा पळाला तर हेच समजायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून वाळवायचं, आणि २ नंबरची इनपुट पिन वर वाकवून रेझिस्टर-डायोड हवेतच सोल्डर करायचे.