ओल्या मातीतही झाड का कोमेजतं?

मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीतली जास्वंद दुपारी तीनच्या सुमारास माना टाकते. माती चाचपली तर ओलीच असते. तरी दया येऊन आपण तांब्याभर पाणी ओततो. असं रोज झालं की झाड खरोखरच मरतं.

पान पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं. ते पाणी पुरवायचं काम मुळांचं. जमिनीतल्या झाडाची मुळं गार मातीत उतरतात, कुंडीतली मात्र कडेला चिकटून वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर थेट ऊन पडलं की कडेची माती सहज ४० अंशांच्या वर जाते. (मातीची कुंडी माठासारखी पाझरते, म्हणून तेवढी तापत नाही.) तापलेल्या मुळांचं श्वसन वाढतं, त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, पण पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. त्यात आपण पाणी ओतून मातीतल्या हवेच्या पोकळ्या बुजवतो. गुदमरलेली मुळं पाणी ओढेनाशी होतात, पर्णरंध्रं मिटतात, वाफ थांबते आणि पानाच्या कडा करपतात.

संध्याकाळी पानं सावरली, तर काळजी नाही. सकाळीही लुळी असतील तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर मुळं कुजू लागली असावीत, कुंडी सावलीत हलवून पाणी थांबवा. तुळस सुकली म्हणून दृष्ट काढणाऱ्यांनीही आधी हीच तपासणी करावी.

म्हणून सावली पानांइतकीच कुंडीलाही हवी. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. ते ऊन वरचा स्लॅबच अडवतो. आत शिरतं ते नंतरचं तिरपं ऊन. तेव्हा ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट ग्रिलला उभी, थेट जमिनीपर्यंत बांधा. वर वीतभर फट ठेवा, म्हणजे गरम हवा बाहेर जाईल. नेट स्वतःही तापते, त्यामुळे कुंड्या फूटभर आत सरकवा. कड दुमडून दुहेरी केल्याशिवाय केबल टाय ओवू नका. वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात एकेरी नेट फाटते. मोगऱ्याला ३५ टक्के पुरे. ७५ टक्क्यांच्या नेटमागे तो नुसता लांबुडका होतो, कळ्या धरत नाही.

पाणी सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान, खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावं. बारा इंची कुंडीला साधारण दोन लिटर लागतं. ओतल्याबरोबर खालून वाहिलं, तर माती आकसून कुंडीपासून सुटली आहे असं समजा. अशा वेळी अर्धा लिटर घालून दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला. संध्याकाळी पुन्हा पाणी द्यायचं ते माती कोरडी असेल तरच, आणि कुंडी हाताला गार लागल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तेव्हाही कोमट असतं. ते बादलीत भरून ठेवा आणि निवल्यावर घाला.