खोल खोदाईत निरीक्षण पद्धतीची मंजुरी: पात्रता, कागदपत्रे आणि ‘लाल’ आकडा कसा ठरतो

खोदाईच्या कडेच्या भिंतीला आधार म्हणून नकाशात आडव्या टेकूंच्या, म्हणजे स्ट्रटच्या, तीन रांगा दाखवल्या आहेत आणि कंत्राटदाराला खालची रांग गाळायची आहे. त्याचं म्हणणं असं, की माती हिशोबात धरली आहे त्यापेक्षा बरी दिसते आहे. भिंत किती सरकते ते मोजत जाऊ आणि गरज पडली तर स्ट्रट लावू. निरीक्षण पद्धत, म्हणजे ऑब्झर्व्हेशनल मेथड, वापरण्याच्या अर्जाचं हे नेहमीचं रूप आहे. यासाठी छापील फॉर्म नसतो. करारातल्या डिझाइन-बदलाच्या तरतुदीखाली प्रस्ताव मालकाच्या अभियंत्याकडे जातो, आणि तिथून स्वतंत्र तपासनिसाकडे.

तपासनीस कशाच्या आधारे पाहतो? जिथे युरोकोड ७ हे पाया आणि खोदाईच्या डिझाइनचं युरोपीय मानक लागू आहे तिथे त्याच्या पहिल्या भागातलं कलम २.७ पाहिलं जातं. बाकी ठिकाणी बहुतेक जण मृदा अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ च्या रँकिन व्याख्यानात मांडलेल्या आठ मुद्द्यांकडे वळतात. दोन्हींचा गाभा सारखाच आहे. काम सुरू होण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: हालचाल कुठवर चालेल याची मर्यादा, माती कशी कशी वागू शकते याचा पूर्ण पल्ला, ती वागणूक वेळेत पकडणारी मोजमाप योजना आणि मर्यादा ओलांडायची वेळ आलीच तर करायचे आकस्मिक उपाय. अडचण आल्यावर भिंतीची सरक मोजायला घाईने बसवलेलं इन्क्लिनोमीटर या पद्धतीत मोडत नाही. पेक यांनी मात्र संकटात सापडलेल्या कामाला बाहेर काढण्यासाठीही ही पद्धत वापरता येते हे मान्य केलं होतं आणि तो प्रकार वेगळा मांडला होता.

पात्रता

पहिली अट पेक यांनीच स्पष्ट सांगितली आहे: बांधकाम चालू असताना डिझाइन बदलता येत नसेल, तर ही पद्धत लागू होत नाही. वाक्य साधं आहे, पण अर्ज अडकतो तो इथेच. डायफ्रॅम भिंतीचा सळ्यांचा पिंजरा खोदाईच्या आधीच काँक्रीटमध्ये गेलेला असतो. तिसरा स्ट्रट गाळला की भिंतीतला वाकवणारा मोमेंट वाढतो आणि दुसऱ्या रांगेवर जास्त भार येतो. पिंजरा आता बदलता येणार नाही. म्हणून भिंत, दुसरी रांग आणि तिचे जोड वाईट अंदाजालाही पुरतात हे हिशोबाने दाखवावं लागतं. निरीक्षणावर फक्त तेच सोडता येतं जे अजून हातात आहे, आणि इथे हातात आहे ती तिसरी रांग.

दुसरी अट आहे ती भाग कसा मोडतो याची. जो भाग वाकत, पुढे येत, सूचना देत हार मानतो त्यावर नजर ठेवता येते. जो अचानक तुटतो त्याला रीडिंगचा उपयोग नाही. स्ट्रट आणि त्याचा भार भिंतीवर पसरवणारी आडवी तुळई, म्हणजे वेलर, यांचा जोड, खोदाईच्या तळाखालून येणारं पाण्याचं उचल-दाब, भेगांमधून सुटणारा खडक हे सगळे या दुसऱ्या वर्गातले. त्यांना नेहमीचा सुरक्षा गुणक द्या आणि अर्जात तसं लिहा.

तिसरी अट कराराची. रीडिंग वाईट आली तर काम थांबवायचा अधिकार कोणाचा आणि थांबलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार, हे ठरलेलं नसेल तर तपासनीस म्हणून बाकीची कागदं मी वाचतही नाही. थांबणं महाग असलेल्या माणसाकडेच थांबवण्याचा निर्णय असेल, तर ज्या रीडिंगला काम थांबवायचं तो लाल आकडा नुसता शोभेला राहतो.

कागदपत्रे

बोअरहोलचे लॉग, प्रयोगशाळेचे अहवाल, आजूबाजूच्या इमारतींची आधीच्या स्थितीची नोंद हे सगळं लागतंच, त्यावर वेळ घालवत नाही. खरी छाननी तीन कागदांची होते: दोन अंदाजांचा तक्ता, मोजमाप योजना आणि लाल आकड्याचा हिशोब.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कडक चिकणमातीत १२ मीटर खोल खोदाई आहे. स्ट्रटच्या रांगा २, ५.५ आणि ९ मीटरवर दाखवल्या आहेत, त्यातली ९ मीटरची गाळायची आहे. शेजारच्या इमारतीला झेपेल अशी भिंतीची सरकण्याची मर्यादा ३२ मिलिमीटर ठरली. दोन हिशोब केले. सर्वांत संभाव्य अंदाजाने खोदाई ९ मीटरवर असताना भिंत १४ मिलिमीटर सरकते, १० वर १६, ११ वर १९ आणि १२ वर २२. सावध अंदाजाने हेच आकडे २३, २८, ३५ आणि ४२ येतात. म्हणजे माती संभाव्य अंदाजासारखी वागली तर तिसरा स्ट्रट नको, सावध अंदाजासारखी वागली तर हवाच. अर्ज पात्र ठरतो तो या फरकामुळेच. दोन्ही अंदाजांत मर्यादा पाळली जात असती तर साधं डिझाइन पुरलं असतं. दोन्हींत मोडत असती तर अर्जच करू नये.

तक्त्यात प्रत्येक टप्प्याचा आकडा हवा. नुसता शेवटचा २२ लिहिलेला अर्ज परत येतो, कारण ९ मीटरवर रीडिंग १८ आलं तर ते चांगलं की वाईट हे त्यावरून कळत नाही.

लाल आकडा

इथे अर्जदार सहसा मर्यादेच्या ८० टक्के किंवा ९० टक्के असा गोल आकडा टाकतात. त्याला आधार काहीच नसतो. लाल आकडा घड्याळावरून काढायचा असतो: धोका दिसल्यापासून स्ट्रट भार घेऊ लागेपर्यंत भिंत आणखी किती सरकेल?

उदाहरणात खोदाई रोज एक मीटर उतरते. सावध अंदाजात एका मीटरला भिंत ७ मिलिमीटरपर्यंत सरकते. रीडिंग दर १२ तासांनी घेतलं जातं, ते तपासून कागदावर यायला ४ तास लागतात आणि निर्णयाला २ तास. म्हणजे वाईटात वाईट स्थितीत १८ तास खोदाई चालूच राहते आणि तेवढ्यात भिंत सव्वापाच मिलिमीटर पुढे येते. मग काम थांबतं. स्ट्रट उतरवणं, वेलरमागे पॅकिंग भरणं आणि जॅकने आधीचा भार देणं यात २४ तास जातात. खोदाई थांबली तरी चिकणमाती थांबत नाही. मातीतलं पाणी जागा बदलत राहतं आणि भिंत हळूहळू सरकते. ते दिवसाला दीड मिलिमीटर धरलं. एकूण पावणेसात, म्हणजे ७ धरा. उपकरणाची चूक २ मिलिमीटर. ३२ मधून ९ गेले, लाल आकडा २३.

आता अडचण बघा. सर्वांत संभाव्य अंदाजातही भिंत शेवटी २२ वर पोचते. माती अगदी अपेक्षेप्रमाणे वागली तरी लाल आकडा एका मिलिमीटरवर येतो, आणि उपकरणाची चूकच दोन आहे. असा अर्ज मंजूर केला तर साइटवर उगाच घबराट होते. त्याहून वाईट म्हणजे दोनदा खोटी घंटा वाजली की तिसऱ्यांदा कोणी धावत नाही.

उपाय माती बदलण्याचा नाही, घड्याळ बदलण्याचा आहे. भिंतीच्या नळीत कायमचे बसवलेले सेन्सर वापरून दर ४ तासांनी रीडिंग घ्या. तपासणी आणि निर्णयाचे ६ तास तसेच ठेवा. मग खोदाई चालू राहण्याचा काळ १० तासांवर येतो आणि त्यातली सरक सुमारे ३ मिलिमीटर होते. स्ट्रट बसवण्यातला दीड धरून साडेचार, वर नेऊन ५. लाल आकडा २५ होतो. मोकळी जागा एक मिलिमीटरवरून तीनवर गेली आणि ती फक्त लवकर पाहिल्यामुळे गेली.

२४ तासांचा दावा मी कधी नुसता मान्य करत नाही. स्ट्रट मापाला कापून साइटवर पडलेला आहे का? वेलरचे ब्रॅकेट भिंतीवर आधीच वेल्ड केले आहेत का? खोदाई ११ मीटरवर पोचल्यावर ९ मीटरवर काम करायला मचाण कुठून येणार? एका अर्जात सगळं नीट होतं, पण वरच्या दोन रांगांमधून तेवढा लांब स्ट्रट खाली उतरवायला जागाच नव्हती. म्हणून आता एका बेमध्ये, म्हणजे खोदाईच्या लांबीच्या एका तुकड्यात, रंगीत तालीम करून वेळ मोजायची अट घालतो. शिवाय दुसरा, अधिक झटपट उपाय लिहून घेतो: भिंतीच्या पायथ्याशी मातीचा बांध परत टाकणं.

मोजमाप योजनेतली नेहमीची चूक

इन्क्लिनोमीटरची नळी भिंतीच्या तळाशीच संपवलेली असते. या उपकरणाचं रीडिंग नळीचं खालचं टोक स्थिर आहे असं धरून काढतात. भिंतीचा पायच आत सरकला तर सगळी नळी बरोबर सरकते आणि आलेख कमी दाखवतो. नळी पायाखाली न हलणाऱ्या थरात काही मीटर उतरवा, नाहीतर वरचं टोक प्रत्येक वेळी सर्व्हेने ताडून पाहा. स्ट्रटवरच्या भाराचं रीडिंग पहाटे घ्या. ऊन पडलं की पोलाद प्रसरण पावतं आणि मातीत काही घडलेलं नसताना भार वाढलेला दिसतो.

आकडा बदलायचा असेल तर

रीडिंग लाल आकड्याजवळ आलं की मागचा हिशोब नव्या आकड्यांना जुळवून मर्यादाच वाढवून घेण्याचा मोह होतो. सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळची भुयारी रेल्वेची खोदाई २० एप्रिल २००४ रोजी कोसळली आणि चार जण गेले. त्याआधी भिंतीची सरक अंदाजाबाहेर गेली होती आणि अशा फेर-हिशोबांवर काम पुढे चाललं होतं. शेवटी हार मानली ती स्ट्रट आणि वेलरच्या जोडांनी, नवव्या रांगेत. वर पात्रतेत जोड वेगळे काढले ते यासाठी.

म्हणून आकडा वाढवणं हा नवा अर्ज धरला जातो. मातीचा कोणता गुणधर्म बदलला, त्याला रीडिंगखेरीज दुसरा कोणता पुरावा आहे, आणि तोच गुणधर्म घातला तर आधीच्या सगळ्या टप्प्यांची रीडिंग जुळतात का, हे दाखवावं लागतं. फक्त शेवटचा टप्पा जुळवून आणला असेल तर अर्ज फेटाळला जातो. निकाल येईपर्यंत जुना आकडा लागू राहतो आणि त्या बेमधली खोदाई बंद असते.

मंजुरी कशी मिळते

एकदम सगळ्या लांबीची मिळत नाही. पहिल्या बेमध्ये तिसरा स्ट्रट मूळ नकाशाप्रमाणे बसवायचा आणि नुसतं मोजायचं. खोदाई ९ मीटरवर असताना, म्हणजे स्ट्रट बसण्याआधीचं, रीडिंग १४ च्या आसपास असेल तर दुसऱ्या बेमध्ये तो गाळायची परवानगी मिळते, पण सामान तिथेच काठावर तयार ठेवून. रीडिंग १८ आलं तर दोन्ही अंदाजांच्या मधे लटकलेली स्थिती असते. तेव्हा आणखी एक बे स्ट्रटसहित करायचा आणि खोदाईचा वेग अर्धा मीटरवर आणायचा. वेग कमी झाला की वरच्या हिशोबातले ३ मिलिमीटरही निम्मे होतात. २३ आलं तर अर्ज तिथेच संपतो आणि सगळे स्ट्रट लागतात. तळाचा स्लॅब पडून पुरेसा घट्ट झाला की त्या बेची फाइल बंद होते. रीडिंग मात्र वरचे स्ट्रट काढून होईपर्यंत चालू ठेवायची, कारण ते काढताना भिंत पुन्हा हलते.